ओटीपी कोणी टाकला?

"ताई, तुम्ही एवढी वर्षं बँकेच्या कार्ड विभागात होतात. मग आतेभावाचे रमीत गेलेले पैसे चार्जबॅक करून परत का नाही आणलेत?"

कारण ते चोरीला गेले नव्हते. एवढ्या एका वाक्यात खरं तर भागायला हवं. पण भागत नाही, हे मला लग्नाच्या पंगतीत, देवगडच्या बाजारात आणि खुद्द आत्येच्या ओटीवर कळून चुकलंय. तेव्हा एकदाच सविस्तर सांगते. पुढच्या वेळी मी सोलकढीची वाटी उचलून दुसऱ्या पंगतीला जाऊन बसले तर राग मानू नका.

चार्जबॅक म्हणजे बँकेने कनवाळूपणे दिलेली भरपाई नव्हे. ज्याने तुमच्या कार्डावर पैसे घेतले, त्याच्या बँकेकडून ते उलटे ओढून आणायचे असतात, आणि त्यासाठी कार्ड कंपनीच्या नियमांत बसणारं कारण लागतं. व्यवहार मी केलाच नाही. केला, पण वस्तू किंवा सेवा मिळाली नाही. एकाच खरेदीचे दोनदा कापले. परतावा कबूल करून दिला नाही. अशा ठरलेल्या रकान्यांत तुमचं दुखणं बसावं लागतं, आणि "मी हरलो" असा रकाना त्यात नाही.

आता विचार करा, रमीच्या अ‍ॅपवर डिपॉझिट भरताना आपण विकत काय घेतो? वॉलेटमधली शिल्लक. ती लगेच जमा झालेली दिसते, आणि तिथेच तो व्यवहार पुरा होतो. पुढचे डाव हा वेगळा मामला. पणजीला मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर काउंटरवरून चिप्स घेतल्या, टेबलावर घालवल्या, तर त्याच काउंटरवर जाऊन पैसे परत मागता येतात का? मास्टरकार्डच्या नियमांत हे स्पष्टच आहे. जुगारासाठी घेतलेल्या चिप्स किंवा शिल्लक कशी वापरली, किती उरली, ती काढता आली की नाही, यावरून कार्ड देणाऱ्या बँकेला चार्जबॅकचा हक्क नाही. शेवटचं परत वाचा. जिंकलेले पैसे अ‍ॅपने दिले नाहीत, तरीही हा मार्ग बंद. पैसे कापले गेले आणि वॉलेटमध्ये आलेच नाहीत, किंवा दोनदा कापले गेले, तर तक्रार टिकते. अशा तक्रारी मी स्वतः मंजूर होताना पाहिल्यात.

भावाचं यातलं काहीच नव्हतं. एप्रिल 2024, आंब्याचा मोसम. वाशीहून पट्टीचे पैसे आले होते आणि त्यातून गड्यांची मजुरी, पेट्यांचे पैसे द्यायचे होते. त्याने रात्रीत चार वेळा डिपॉझिट भरलं, पाच हजार, नऊ हजार, वीस हजार, तीस हजार. एकूण 64,000 रुपये, डेबिट कार्डावरून, दर वेळी ओटीपी टाकून. पहाटेपर्यंत बहुतेक सगळं गेलं, मग थोडं परत आलं आणि वॉलेटमध्ये 18,400 उरले. सकाळी मला फोन. "पैशे गावतले मां गो?"

मी म्हटलं, आधी ते अठरा हजार चारशे खात्यात काढून घे. फोन ठेव आणि ते कर, बाकीचं मग बोलू. पण त्याला कुणा मित्राने पढवून ठेवलं होतं, की उरलेले काढलेस तर बाकीच्यांवर पाणी सोडलंस असा अर्थ होतो. त्याला पुरे चौसष्ट हवे होते. त्याने बँकेला फोन लावला आणि सांगितलं, हे व्यवहार माझे नाहीत.

हे एक वाक्य तोंडातून गेलं की पुढचं आपल्या हातात राहत नाही. पलीकडच्या मुलीने पहिलं काम केलं ते कार्ड बंद करण्याचं. तिला दुसरा इलाजच नसतो. ग्राहक म्हणतोय चोरी झाली, मग कार्ड चालू कसं ठेवणार? ऐन मोसमात एटीएममधून मजुरीचे पैसे काढायची सोय गेली. नवं कार्ड कुरिअरने यायचं आणि कुरिअरवाला आमच्या वाडीपर्यंत कधीच वेळेवर पोचत नाही. मग डिस्प्युटचा फॉर्म. त्यात "व्यवहार मी केलेला नाही, कोणाला करू दिलेला नाही" या ओळीपुढे त्याने खूण केली आणि खाली सही. लोकांना वाटतं हा तक्रारीचा अर्ज आहे. तो लेखी जबाब असतो, आणि खोटा निघाला तर अंगाशी येऊ शकतो.

यानंतर जे झालं त्यानेच सगळा घोटाळा वाढवला. रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2017 च्या परिपत्रकाप्रमाणे, ग्राहकाने अनधिकृत व्यवहार कळवला की बँकेने कामाच्या दहा दिवसांत ती रक्कम तात्पुरती जमा करायची असते. याला शॅडो क्रेडिट म्हणतात. भावाच्या खात्यात 64,000 दिसायला लागले. त्यावर लियन होतं, म्हणजे रक्कम दिसते पण काढता येत नाही. मी हे आत्येला सांगितलं. तिने ऐकलं आणि "पैशे इले" म्हणून कुणकेश्वराला नारळ ठेवून आली. सगळ्या वाडीत झालं, बँकेने पैसे दिले म्हणून. मला पेढा दिला गेला. मी तो खाल्ला. काय करणार होते?

इकडे बँकेने ओटीपीची नोंद काढली. चारही ओटीपी त्याच्याच नंबरवर गेलेले, त्याच्याच फोनवरून भरलेले. ओटीपीने व्यवहार पक्का झाला की फसवणुकीची जबाबदारी दुकानावरून उठून कार्ड देणाऱ्या बँकेवर येते. म्हणजे "चोरी झाली" या कारणाखाली अ‍ॅपकडून पैसे ओढायचा रस्ता तिथेच संपतो. मग बँक एवढंच पाहते, की ओटीपी कोणी टाकला. ग्राहकाने स्वतः टाकला किंवा दुसऱ्याला सांगितला, तर तोटा त्याचाच.

बँकेने तरीही अ‍ॅपवाल्यांकडून माहिती मागवली. तिकडून पॅन कार्ड, सेल्फी, एकच फोन महिनोन्‌महिने वापरल्याची नोंद आणि एकेका डावाची वेळ, सगळा गठ्ठा आला. मी खुर्चीवर असते तर यातला एकच कागद बघून फाइल मिटली असती. फेब्रुवारीत त्याने 2,000 भरून 10,000 काढले होते. निव्वळ जिंकलेले आठ हजार. आयकर कायद्याच्या तेव्हाच्या कलम 194बीए प्रमाणे त्यावर 30 टक्के टीडीएस, म्हणजे 2,400 कापून 7,600 त्याच बचत खात्यात आले होते. तो टीडीएस त्याच्या फॉर्म 26एएसमध्ये आजही दिसतो. तुमचं कार्ड चोरणारा माणूस जिंकलेले पैसे तुमच्या खात्यात भरून तुमच्या पॅनवर कर कापू देईल का?

लियनखालची रक्कम उलटी वळवली गेली. पत्र आलं, व्यवहार नोंदणीकृत मोबाइलवरील ओटीपीने प्रमाणित, तक्रार बंद. आत्येला वाटलं, दिलेले पैसे बँकेने काढून घेतले. आणि ते अजून तिला तसंच वाटतं.

अ‍ॅपकडे बँकेची विचारणा पोचली त्याच दिवशी त्याचं खातं गोठलं होतं. 18,400 आतच. अटींमध्ये हे असतंच: पेमेंटवर वाद घातला तर चौकशी होईपर्यंत शिल्लक अडवू, खातं बंद करू. त्यांनी बँकेचं पत्र मागितलं, डिस्प्युट संपल्याचं. बँकेने दिलेल्या पत्रात व्यवहार क्रमांक नव्हते, ते परत आलं. शाखेत फेऱ्या, मेलवर मेल, तोवर पावसाळा अर्धा सरला. मजुरी भागवायला आत्येच्या पाटल्या गहाण पडल्या. गणपतीच्या तोंडावर ते अठरा हजार चारशे आले, सोबत कळवलं की खातं कायमचं बंद. त्या कंपनीच्या दुसऱ्या अ‍ॅपवरही त्याचा पॅन चालेना.

बँकेतही खूण राहिली. पुढे पेट्रोल पंपावर एकदा त्याचे खरोखर दोनदा पैसे कापले गेले. मिळाले, पण जादा कागद मागून, रखडत. याचं मला नवल वाटलं नाही. मी डेस्कवर असताना नवी तक्रार आली की आधी त्या ग्राहकाच्या जुन्या तक्रारीच उघडायचे.

तुम्ही म्हणाल, ही बँकेचीच बाजू घेते. खुर्चीवर असताना मला यात काही चुकीचं दिसत नव्हतं हे खरं. हरलेल्याचे पैसे परत मिळायला लागले तर जिंकणारा घेऊन जाईल, हरणारा डिस्प्युट टाकेल, आणि जुगार फुकटात होईल. हे आजही मला पटतं. पण भावाच्या स्टेटमेंटवरचे ते वाढत गेलेले चार आकडे आणि समोरच्या वेळा, पहिला साडेबाराचा, शेवटचा पावणेतीनचा, बघितल्यावर वाटतं, ओटीपी टाकला म्हणजे शुद्धीवर टाकला असं आम्ही कशावरून धरत होतो? बँकेच्या यंत्रणेला जुगाराचा व्यवहार त्याच्या 7995 या कोडवरून ओळखता येतो. थांबवायचं असेल तर तिथे, भरताना थांबवायला हवं. हरल्यावर थांबवता येत नाही. बरं, तेव्हाच्या मला हे कोणी सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, मोठी माणसं आहेत, आपला पैसा कसा उडवायचा हे त्यांचं ते बघतील. तेव्हाच्या मला काय उत्तर द्यायचं, आताच्या मला अजून सुचलेलं नाही.

ऑगस्ट 2025 च्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झाले, म्हणून आता लोक परदेशी साइटबद्दल विचारतात. तिथे कधीकधी ओटीपी लागत नाही आणि स्टेटमेंटवर भलत्याच कपड्याच्या दुकानाचं नाव येतं. मग "कपडे मिळाले नाहीत" असं लिहून द्यायचा सल्ला मित्र देतात. तो बोगस दुकानदार उत्तरच देत नाही म्हणून एखाद्याचे पैसे येतातही, आणि ती एक गोष्ट गावभर फिरते. तो खोटा जबाब आहे, आणि बँकेने खोदलं तर त्यातून निघतो तो बंदी असलेल्या खेळावर परदेशात पाठवलेला पैसा, हे त्या गोष्टीत नसतं. यूपीआयने कुणा अनोळखी माणसाच्या खात्यात भरले असतील, तर कार्डाचे हे नियम लागूच होत नाहीत. त्यासाठी मला फोन करू नका.

भावजयीचं म्हणणं वेगळंच आहे. ती म्हणते, पॅन बंद झाला हेच बरं झालं, आम्ही बोलून बोलून थकलो ते त्या डिस्प्युटने एका दिवसात केलं. मी तिला म्हटलं, खातं स्वतःहून बंद करायची सोय अ‍ॅपमध्ये होती, त्यासाठी पाटल्या गहाण टाकायची गरज नव्हती. ती म्हणाली, "स्वतःहून केलं असतं का त्यांनी?" यावर आमचं अजून भांडण चालू आहे, आणि पाटल्या तिच्या सासूच्या असल्यामुळे आत्ये दोघींवरही रागावलेली आहे.