रॅमजेटला आधी वेग का लागतो

‘रॅमजेटमध्ये फिरणारा एकही भाग नसतो, मग ते उभ्या जागी का चालू होत नाही? आधी रॉकेटनेच ढकलायचं, तर उपयोग काय?’

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. रॅमजेट म्हणजे वेगामुळे समोरून घुसणारी हवा थोपवून दाबणारं आणि तिच्यात इंधन जाळणारं जेट इंजिन. पूर्वी मी यावर चिडायचो, कारण मीही असंच म्हणत होतो.

शिकत असताना मी पत्र्याची नळी बनवली होती. पुढून निमुळती, पोटात रुंद, मागे पुन्हा अरुंद. समोर ब्लोअर लावला, ताशी 250 किलोमीटरचा वारा. आतला दाब बघायला पाण्याची यू-नळी जोडली. ब्लोअर सुरू होताच पाणी 30 सेंटीमीटर चढलं आणि मी हरखलो. गॅस पेटवला, तरी नळी पुढे सरकेना, वारा तिला मागेच रेटत होता. मी गॅस वाढवला. यू-नळीतलं पाणी डचमळलं आणि ज्योत पुढच्या तोंडातून बाहेर आली. उजवा पंजा भाजला. त्याचे डाग अजून आहेत.

मी हिशेब न करता गेलो नव्हतो. पण हिशेब केला होता इंधनाच्या उष्णतेचा, दाबाचा नाही. तापलेला वायू वाट मिळेल तिकडे फुगतो. टर्बोजेट या दुसऱ्या जेट इंजिनात त्याला पुढून हवा दाबणारा फिरता कॉम्प्रेसर अडवतो. रॅमजेटमध्ये अडवायला फक्त समोरून घुसणारी हवा असते. माझ्या नळीतली ती भिंत वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम 3 टक्के होती. एवढ्या दाबावर, सगळं आदर्श धरलं तरी, उष्णतेच्या शंभरातला एक भागही कामाला येत नाही. ध्वनीच्या तिप्पट वेगाला तोच दाब, आदर्श हिशेबाने, वातावरणाच्या दाबाच्या 36 पट होतो. एवढ्या वेगाची हवा अचानक दबताना उठणाऱ्या शॉक तरंगांत त्यातला काही वाया गेला तरी भिंत पक्की राहते आणि वायू मागूनच निघतो.

मग आणखी वेग का नको? इथे उलटी अडचण येते. ध्वनीच्या सहापट वेगाने येणारी उंचावरची थंड हवा आत थोपवली, तर इंधन पडण्याआधीच ती 1,500 अंश सेल्सियसपर्यंत तापते. त्यावर जाळून फारसं हाती लागत नाही, शिवाय थोपवतानाच बराच दाब वाया जातो. म्हणून स्क्रॅमजेट हे रॅमजेटचं पुढचं रूप हवेला अर्धवटच थोपवतं, आतही ती ध्वनीपेक्षा वेगाने वाहते. मीटरभर लांबीत इंधन मिसळून जळायला मिलिसेकंदही मिळत नाही. 2004 मध्ये एक्स-43ए हे नासाचं स्क्रॅमजेटवर चालणारं मानवरहित प्रायोगिक विमान ध्वनीच्या साडेनऊपट वेगापर्यंत गेलं. तिथवर त्याला रॉकेटने नेलं होतं आणि स्वतःचं इंजिन सुमारे दहा सेकंद चाललं.

तेव्हाचा मी म्हणेन, ‘म्हणजे हे अपुरं इंजिन.’ मी म्हणतो, कॉम्प्रेसर आहेच, तो वेगाचा बनलेला आहे. तो मात्र विचारतो, ‘मग त्या रॉकेटचं वजन कुणाच्या खात्यात?’ त्यावर मी अजून अडतो.