वाफेच्या इंजिनाच्या शेजारची सालोमे

पॅरिसमधल्या बाकीच्या दिवसांबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. लूव्हरला रांग, आयफेलला रांग, मोनालिसासमोर हात उंचावलेल्या मोबाइलचं जंगल. ते सगळं तुम्ही दुसरीकडे वाचलं असेलच. मला लिहायचंय ते एका घराबद्दल.

सँ-लाझार स्टेशनातून बाहेर पडून पायी दहा-बारा मिनिटं, शेवटचा टप्पा चढणीचा. रू कातरीन द ला रोशफूको, क्रमांक १४. गुस्ताव्ह मोरो या चित्रकाराचं हे राहतं घर. १८९५ मध्ये त्याने वरचे मजले वाढवून त्याचं संग्रहालय करायला घेतलं, १८९८ मध्ये तो वारला आणि १९०३ मध्ये ते लोकांसाठी उघडलं. खाली आईवडिलांच्या फोटोंनी भरलेल्या, श्वास कोंडावा अशा खोल्या. वर प्रचंड उंच स्टुडिओ आणि दोन मजल्यांना जोडणारा सुंदर गोल जिना. वर उकडत होतं. पंखा नाही, आणि बाकांवर एक सहल येऊन विसावलेली.

तिथे 'दर्शन' नावाचं तैलचित्र आहे. हेरोद राजापुढे नाचून सालोमेने योहान या संदेष्ट्याचं मुंडकं मागितलं, ही बायबलातली गोष्ट. त्या गोष्टीत मुंडकं तबकात येतं. मोरोच्या चित्रात ते हवेत तरंगतंय, भोवती तेजोवलय, मानेतून रक्त ठिबकतंय, आणि सालोमे त्याच्याकडे हात रोखून उभी. मला हलवलं ते पुढे दिसलेल्या गोष्टीने. राजा, त्याची राणी, तलवार धरलेला मारेकरी, सगळे नुसते बसलेत-उभे आहेत. कुणाचीच नजर वर नाही. म्हणजे ते मुंडकं फक्त तिलाच दिसतंय? हे नाचाच्या आधीचं की खून होऊन गेल्यावरचं? चित्र सांगत नाही, आणि ते न सांगणं मुद्दाम आहे.

मग जवळ गेले तर आणखी एक प्रकार. रंगांच्या अंधाऱ्या थरावर बारीक रेषांनी खांब, मूर्ती, नक्षी काढलेली, आणि त्या रेषा खालच्या रंगांच्या डागांशी जुळतच नाहीत. मोरोने त्या बऱ्याच वर्षांनी, आयुष्याच्या अखेरीस वरून चढवल्या. एकाच कॅनव्हासवर रंगाचं एक चित्र आणि रेषेचं दुसरं, आणि दोन्ही एकमेकांना न विचारता चाललेली. राजवाडा भक्कम वाटतच नाही, भूत वाटतो.

याच विषयावरचं त्याचं जलरंगातलं चित्र १८७६ च्या सालोंमध्ये, म्हणजे सरकारी वार्षिक प्रदर्शनात लागलं होतं. पुढच्याच वर्षी मोनेने सँ-लाझार स्टेशनात ठाण मांडून इंजिनं, धूर, काचेचं छत अशी सुमारे १२ चित्रं काढली. त्याच्याही आधीच्या पिढीतला वास्तववादी चित्रकार कूर्बे म्हणे सांगायचा की मी देवदूत पाहिलेलाच नाही, मग काढू कसा! मोरोचा विश्वास नेमका न दिसणाऱ्यावर. पुढे १८८६ मध्ये ज्याँ मोरेआस या कवीने 'ल फिगारो' या वर्तमानपत्रात जाहीरनामा छापून या वृत्तीला प्रतीकवाद हे नाव दिलं. तो कवितेबद्दल होता, पण चित्रकारांनाही ते नाव चिकटलं.

'प्रतीकवादी यंत्रयुगाला कंटाळून स्वप्नात पळाले' असं पुस्तकांत वाचलेलं मला तिथे पुरेसं वाटेना. भिंतींत लाकडी दारांची कपाटं आहेत. दारं पुस्तकाच्या पानांसारखी उलटायची, आत हजारो रेखाटनं. ती चाळताना कळतं की हा माणूस जग किती टिपून ठेवायचा. भारतीय लघुचित्रांच्या नकला, सचित्र मासिकातल्या चित्रांवरून केलेल्या नोंदी, आणि फोटोसुद्धा त्याच्या संग्रहात होते. कॅमेरा आणि छापखाना ही त्याच काळाची यंत्रं, आणि त्याच्या स्वप्नांचा कच्चा माल तिथूनही आला. 'अलेक्झांडरचा विजय' या चित्रातला हिंदुस्थान त्याने कधी पाहिला नव्हता. मंदिरं, हत्ती, मूर्ती सगळं गोळा करून रचलेलं. ते पाहून हसू आलं, थोडा रागही आला. आपला देश कुणाच्या तरी नक्षीचा साठा! पण मग योहानाचं मुंडकं तरी त्याने कुठे पाहिलं होतं?

'ज्युपिटर आणि सेमेली' शेवटी पाहा, ताजे डोळे ठेवून. दोन मीटरहून उंच, त्यात कमळ, पंख, राक्षस, देव असं इतकं खच्चून भरलंय की मला धाप लागली. देवाला त्याच्या खऱ्या तेजात पाहायचा हट्ट धरून जळालेली सेमेली त्याच्या मांडीवर एवढीशी. ते चित्र मला आवडलं असं म्हणवत नाही, सजावटीने गुदमरून टाकलंय.

मंगळवारी बंद असतं. सकाळी जा, सहली यायच्या आत. नवरा मात्र खालच्या मजल्यावरूनच बाहेर पडून स्टेशनात कॉफी पीत बसला होता आणि त्याचं म्हणणं अजून तेच आहे: मोनेच बरा, निदान धूर तरी खरा.