दुखत नाही तर बसलीस कशाला?

टायमर वाजला. पोळ्या अर्ध्याच झाल्या होत्या, कंबर अजिबात दुखत नव्हती. तरी गॅस बंद करून मी स्टुलावर टेकले.

"दुखत नाही तर बसलीस कशाला?" सासूबाई म्हणाल्या.

प्रश्न रास्तच आहे. कित्येक महिने झाले या कंबरेला. एवढ्या काळात लचकलेला स्नायू बहुतेकदा भरून येतो. उरते ती नसांची आणि मेंदूची लागलेली सवय. सोसायटीच्या पार्किंगमधल्या त्या गाडीसारखी, मांजर गेलं तरी सायरन. वेदना खरीच असते, पण तेवढ्यावरून आत काही फाटतंय असं होत नाही. (पायात नव्याने बधिरपणा, ताकद जाणं किंवा लघवीवरचा ताबा सुटणं, हे मात्र वेगळं. तेव्हा थेट डॉक्टर.)

दादरच्या फिजिओताईंनी हिशोब घालून दिला. बऱ्या दिवशी ओट्याशी पंधरा मिनिटं उभं राहवतं, वाईट दिवशी पाच. सरासरी दहा. त्यातली दोन वजा, म्हणजे आठ. आठ मिनिटं झाली की बसायचं, दुखो न दुखो. जमलं की आठवड्याला मिनिटभर वाढवायचं.

दुखेपर्यंत रेटलं की दुसऱ्या दिवशी अंथरूण धरावं लागतं, आणि त्या नसा आणखीच हळव्या होतात. म्हणून थांबायचं ते घड्याळ बघून. वाईट दिवशीसुद्धा जमेल तितकं उभं राहायचंच, हा त्यातला जास्त अवघड भाग.

हे सगळं सासूबाईंना सांगितलं. त्यांनी लाटणं हातात घेतलं.

तुमच्या घरी हे कसं समजावता?