होडीचा पगार

बचत गटांच्या कामात कर्जाचे अर्ज रोजचेच. पण जुलैत तारकर्लीची एक वहिनी आली ती पिशवीभर कागद घेऊन. नवऱ्याची पर्यटकांची होडी. पावसाळ्यात ती किनाऱ्यावर ओढलेली असते. शाळेचा खर्च उसनवारीने भागवलेला, चतुर्थी तोंडावर, म्हणून तिला गटाकडून 30,000 हवे होते. "मे म्हयन्यात इतके पैसे इले, गेले खंय?" असं तीच मला विचारत होती.

पासबुक, मोबाईलवरचे व्यवहार, तेलाचे डाग पडलेल्या डिझेलच्या पावत्या, सगळं जमिनीवर पसरलं. डिझेल, खलाशाची मजुरी आणि गिऱ्हाईक आणणाऱ्याचं कमिशन आधी वजा केलं. ते होडीचे पैसे, घराचे नव्हेत. उरले ऑक्टोबर ते मे 3,50,000 आणि ऑगस्ट-सप्टेंबरात जेमतेम 14,000. जून-जुलै कोरडे (पाऊस सोडून!).

दादांनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, लगेच बारांनी भागलं. महिना 30,000! चेहरा खुलला. मग मी वर्षातून एकदाच येणारे खर्च विचारले. शाळेचे 18,000, चतुर्थीचे 25,000, होडीचा रंग आणि इंजिनाचं काम 35,000, विमा 10,000. हे 88,000 आधी बाजूला काढले की महिन्याला 23,000 च राहतात. त्यातही 2021 च्या तौक्तेसारखं वादळ ऐन मे महिन्यात आलं आणि त्या महिन्याची निम्मी कमाई, म्हणजे 35,000 बुडाली, तर आकडा 20,000 वर येतो. घराचा पगार तोच धरायचा, असं मी सांगितलं. सरासरीवर घर चालवलं की वाईट वर्षी कर्ज ठरलेलंच.

पद्धत सोपी. सगळी कमाई होडीच्या खात्यात. एक तारखेला त्यातून 20,000 वहिनीच्या खात्यात, डिसेंबरातही तेवढेच. दादा कुरकुरले, "सीझनात हात बांधून बसायचा?" शेवटी होडीच्या खात्याचं एटीएम कार्ड वहिनीकडे राहील, यावर तडजोड झाली. माझ्या मते सगळ्या हिशोबात महत्त्वाची गोष्ट तीच.

त्या पावसाळ्यापुरतं गटाचं कर्ज दिलं, कारण रिकाम्या खात्यातून पगार निघत नाही. सुरुवात ऑक्टोबरपासून धरली. विमा सीझनातच भरायचा. कर्ज डिसेंबरात फेडायचं, म्हणजे पहिल्या वर्षी वादळाला पुरेल एवढी शिल्लक राहणार नव्हती, तेही दोघांना स्पष्ट सांगितलं.

वहीच्या पुठ्ठ्यावर एकच आकडा लिहून दिला: मेअखेर होडीच्या खात्यात 1,44,000. चार महिन्यांचा पगार, शाळा, चतुर्थी आणि होडीचं काम, त्यातून ऑगस्ट-सप्टेंबरची कमाई वजा. त्याहून कमी दिसले तर जूनच्या पहिल्या आठवड्यातच ठरवायचं: इंजिनाचं काम टाळायचं नाही, आधी रंग पुढे ढकलायचा, मग चतुर्थीचा खर्च आवरायचा.