शीर्षकाच्या अक्षरांनी पाडवा हुकवला

आजऱ्याच्या एका काकांच्या घनसाळ तांदळाची साइट पाडव्याला सुरू करायची होती. ती सुरू झाली पाडव्यानंतर अकराव्या दिवशी. उशीर झाला तो फक्त शीर्षकाच्या अक्षरांमुळे, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

काकांची अट एकच होती, "पिशवीवर जी अक्षरं आहेत तीच साइटवर पाहिजेत." पिशवी छापणाऱ्यांनी फॉन्टची फाइल लगेच व्हॉट्सॲपवर पाठवली. साइटसाठी ती वूफ-२ या वेबच्या फॉन्ट-प्रकारात बदलायला गेले, तर बदलून देणाऱ्या पानावर एक चौकट होती: हा फॉन्ट वेबवर वापरायचा हक्क तुम्हाला आहे, यावर खूण करा. इतक्या वर्षांत अशा चौकटींवर मी डोळे झाकून खूण केलीय. या वेळी मात्र हात थांबला, कारण साइट धंद्याची होती आणि काही झालं असतं तर काकांच्या नावावर गेलं असतं. म्हणून आधी फॉन्टटूल्समधल्या `ttx` ने फाइलच्या पोटात डोकावले:

```
ttx -t name -t OS/2 -o - font.ttf
```

यात `nameID` 13 ला परवान्याचा मजकूर आणि 14 ला त्याची लिंक असते. बऱ्याच फाइलींत या जागा रिकाम्या असतात, पण रिकामी जागा म्हणजे परवानगी नव्हे. या फाइलीत मजकूर होता: फक्त डेस्कटॉप वापर. शिवाय फॉन्ट जोडण्याची मुभा सांगणाऱ्या `fsType` ची किंमत 0 दिसली आणि मी उगाच खूश झाले. 0 म्हणजे दस्तऐवजात फॉन्ट जोडायला फाइलीकडून आडकाठी नाही, एवढंच. सर्व्हरवर फाइल ठेवून ती प्रत्येक वाचकाच्या ब्राउझरला पाठवणं ही वेगळी गोष्ट, आणि तिथे शब्द चालतो परवान्याचाच.

मग फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेला मेल केला. उत्तर नाही. चौथ्या दिवशी आठवण केली, तरी शांतता. काकांचा रोज सकाळी फोन, "मॅडम, अक्षरांना एवढं काय?" मी तरी काय सांगणार! नवव्या दिवशी उत्तर आलं: वेबचा परवाना वेगळा, वर्षाचा, दरमहा किती पानं पाहिली जातात त्यावर दर. रक्कम काकांच्या डोमेन-होस्टिंगच्या तिप्पट होती. पण त्याच मेलमध्ये एक ओळ कामाची निघाली. डेस्कटॉप परवाना ज्याच्याकडे आहे, त्याने त्या अक्षरांचं बोधचिन्ह काढून चित्र म्हणून दिलं तर चालेल.

छपाईवाल्यांकडे खरेदीची पावती होती (हे आधी विचारायला हवं होतं, नऊ दिवस वाचले असते की नाही ठाऊक नाही, पण रक्तदाब वाचला असता). त्यांनी 'घनसाळ' हा एक शब्द रेषांमध्ये बदलून एसव्हीजी पाठवला. बाकीची शीर्षकं 'बलू'मध्ये आणि मजकूर 'मुक्त'मध्ये लावला. दोन्ही फॉन्ट एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. धंद्याच्या साइटवर चालतात, आपल्या सर्व्हरवर ठेवता येतात, फक्त फॉन्ट सुटा विकायचा नाही. सोबतची `OFL.txt` मी त्याच फोल्डरमध्ये ठेवते. विंडोजमधला 'मंगल' संगणकात आहे म्हणून कुणी सर्व्हरवर चढवत असेल तर थांबा. विंडोजच्या परवान्यात ते बसत नाही.

थीम आणि प्लगइन अर्ध्या तासात उरकले. थीम वर्डप्रेसच्या अधिकृत यादीतली होती, आणि तिथे जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याशी जुळणारा परवानाच चालतो. `style.css` च्या डोक्यावर तो लिहिलेला असतो. विकतच्या थीममध्ये मात्र नमुना पानावरचे फोटो बहुधा तुमचे नसतात. मित्राने दिलेलं 'अनलॉक' केलेलं स्लायडर प्लगइन मी काढून टाकलं. परवान्याचा मुद्दा बाजूला ठेवला तरी त्याला अपडेट मिळत नाहीत, आणि आत कुणी काय घुसवलंय देव जाणे.

फोटोंपैकी भातखाचराचा एक विकिमीडिया कॉमन्सवरचा, क्रिएटिव्ह कॉमन्सच्या सीसी बाय-एसए ४.० परवान्याचा. त्याखाली छायाचित्रकाराचं नाव आणि परवान्याची लिंक दिली. दुसरीकडे सापडलेला एक त्याहून सुंदर होता, पण परवान्यात 'एनसी', म्हणजे धंद्याला बंदी. सोडला. पिशव्यांचे फोटो काकांनी स्टुडिओला पैसे देऊन काढून घेतलेले. वेगळा करार नसेल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे अशा फोटोंचे पहिले मालक काकाच.

आणि हो, ज्या दिवशी फाइल उतरवता त्याच दिवशी परवान्याचं पान तारखेसकट पीडीएफ करून ठेवा. अटी बदलतात. फुकट फोटो देणाऱ्या अनस्प्लॅशने २०१७ मध्ये सगळे हक्क सोडणारा सीसी झिरो टाकून स्वतःचा परवाना आणला.

परवा छपाईवाल्यांचा फोन आला, "मॅडम, ती कमांड पाठवा की. माझ्याकडं असले अजून चारशे फॉन्ट पडलेत, आणि पावत्या सहाच हायत."