चोळू नको, टिप

मे महिन्यात वेंगुर्ल्याकडच्या लग्नघरात पहाटे साडेपाचला लाइट गेलेली असणं यात बातमी काही नाही, पण त्या पहाटे माझी मावसबहीण, म्हणजे नवरीच, न्हाणीघरातून बाहेर आली आणि मी मोबाइलच्या टॉर्चमध्ये तिचं तोंड बघितलं तेव्हा मला लाइटपेक्षा मोठं टेन्शन आलं. डोळे नव्हतेच. म्हणजे होते, पण वडे तळताना फुगतात तशा दोन पापण्या आणि मधे एक चीर. मुहूर्त अकरा चाळीसचा.

झालं होतं असं की रात्री ती पैठणी काढायला कपाटात गेली आणि मागच्या हँगरवर तिच्या बाबांचा, म्हणजे माझ्या काकांचा, शर्ट सापडला, खिशात चष्म्याचं घर तसंच. काका जाऊन दोन वर्षं झाली. मग ती दोनपर्यंत रडली, आम्ही चौघीजणी आळीपाळीने सोबत रडलो, आणि शेवटी ती जमिनीवर चटईवरच पालथी झोपली, उशीशिवाय. त्यात रात्रीच्या जेवणात सुकटीची चटणी, पापड, खारातली मिरची, म्हणजे मिठाचा पार डोंगर. सूज यायला याहून चांगली तयारी कोणाला सांगूनही जमणार नाही.

मी पार्लर चालवते म्हणून हे सगळं मला उलट्या बाजूने दिसतं. पापणीची कातडी अंगावरची सगळ्यात पातळ आणि तिच्याखालचा भाग सैल, त्यामुळे पाणी साचायला जागा लगेच मिळते. दिवसभर आपण डोळे मिचकावत असतो, ताठ बसलेले असतो, पाणी खाली उतरत राहतं. रात्री आडवं पडलं की दोन्ही बंद. रडलं की तिथल्या रक्तवाहिन्या फुलतात ते वेगळंच, आणि वर आपण ओढणीने खसाखसा पुसतो. मला तर वाटतं रडण्याने जेवढी सूज येते त्यातली बरीचशी पुसण्याने येते, निदान लालपणा तरी नक्की.

म्हणून पहिलं काम मेकअपचं नाहीच, पाणी उतरवायचं. तिला म्हटलं आता आडवी व्हायचं नाही, "पाच मिनिटं पडू दे गो" म्हणाली तरी नाही. पडवीत खुर्चीवर ताठ बसवली. नुसतं उठून बसल्यानेच तासा-दोन तासांत निम्मं काम होतं आणि याला पैसे पडत नाहीत म्हणून कोणाचा विश्वास बसत नाही.

मग गारवा. लाइट रात्रीपासून जात-येत होती, फ्रीज कोमट. मावशी म्हणाली माठातलं घे, पण आपल्याकडे मे महिन्यात हवाच इतकी दमट असते की माठाचं पाणी देशावरच्यासारखं गार होतच नाही, माठ बाहेरून सुकला तर आतलं गार होणार ना. विहिरीचं पाणी मात्र पहाटे छान गार. कळशी काढून आणली, जुन्या मऊ पंच्याची चार पदरी घडी केली, बुडवून पिळून मिटल्या डोळ्यांवर ठेवली. दाबायची नाही, नुसती टेकवायची. दोन-तीन मिनिटांत कापड अंगाच्या उबेला येतं, ते परत बुडवायचं, असं दहा-बारा मिनिटं, मग वीसेक मिनिटं थांबून आणखी एकदा. तेवढ्यात धाकट्या काकू शेजारच्या जनरेटरवाल्या घरून बर्फाचे खडे घेऊन आल्या आणि थेट पापणीवर फिरवायला लागल्या, त्यांना मी जरा ओरडलेच. बर्फ सरळ कातडीवर लावला तर इतकी पातळ कातडी पोळल्यासारखी लाल होते, मग सूज कमी आणि लाली जास्त. तेच खडे मी कळशीत टाकले. काकडी पण आली, बटाट्याच्या चकत्या पण आल्या. ठेवा म्हटलं, गार असतील तर चालतील, काम गारव्याचंच आहे, काकडीचं नाही. (उरलेली काकडी मी मीठ न लावता खाल्ली, तत्त्व म्हणून.)

दोन घड्यांच्या मधल्या वेळात बोट फिरवायचं. अनामिकेला थेंबभर साधं मॉइश्चरायझर लावून नाकाकडच्या कोपऱ्यापासून डोळ्याखालच्या हाडाच्या कडेने बाहेर, कानाच्या पुढपर्यंत, आठ-दहा वेळा. जोर किती, तर तव्यावरच्या ओल्या घावनाला बोट लागलं तरी तो फाटू नये इतकाच. यूट्यूबवर बघून लोक लाटण्यासारखं काहीतरी घेऊन रगडतात, आणि मग मला विचारतात आणखी का सुजलं.

एक मामा डोळ्यांचे थेंब घेऊन आले, लाली घालवायचे. त्यांचा हेतू चांगला, पण ते थेंब रक्तवाहिन्या आवळतात, काही तास डोळे पांढरेशुभ्र आणि वारंवार घातले तर उतरल्यावर लाली दुप्पट जोराने परत. पाठवणीपर्यंत तिला दिवसभर काढायचा होता. औषध नसलेले, नुसते ओलावा देणारे थेंब माझ्या किटमध्ये असतात, ते एक-एक घातले. कॉन्टॅक्ट लेन्स त्या दिवशी घालायचीच नाही असं ठरवलं, तीन-चार तास झोपून सुजलेल्या डोळ्यांत लेन्स म्हणजे दुपारी रडण्याचं वेगळं कारण.

साडेआठला बघितलं तर मधली चीर जाऊन डोळे आले होते. पूर्ण नाही. खालची थैली होती, वरच्या पापणीची घडी अजून बुडालेली. इथून पुढे पाणी संपलं, उजेडाचा खेळ सुरू. आणि इथेच बायका चुकतात, मी पण पहिली दोन वर्षं चुकत होते.

सूज म्हणजे काय तर उंचवटा. वरून उजेड पडला की उंचवटा चमकतो आणि त्याच्या खाली सावलीची रेघ पडते. आपल्याला दिसतो थकवा, तो त्या रेघेमुळे. आपण काय करतो, आपल्या रंगापेक्षा दोन शेड गोरा कन्सीलर घेतो आणि अख्ख्या थैलीवर फासतो. उंचवटा आणखी उजळ, म्हणजे आणखी उंच. फोटोत तर चष्मा काढल्यावरच्या पांढऱ्या घुबडासारखं दिसतं, आणि लांबून कोणीही सांगेल की इथे काहीतरी लपवलंय.

मी तिला दाराशी आणली, समोरून दिवसाचा उजेड, आणि हनुवटी किंचित खाली करायला सांगितली. मग ती रेघ स्पष्ट दिसते. नाकाशी जिथे निळसर होतं तिथे पीच रंगाचा करेक्टर टिकलीएवढा, आणि मग तिच्या कातडीच्याच शेडचा कन्सीलर बारीक ब्रशने फक्त त्या रेघेत, थैलीवर नाही. अनामिकेने थोपटून कडा विरवली. दोन मिनिटं थांबले, दमट हवेत घाई केली की सगळं सुरकुत्यांमध्ये जाऊन बसतं. मग टिश्यू एकदा हलका टेकवला आणि पावडर नावापुरती. नाकाचा शेंडा आणि नाकपुड्यांच्या कडा लाल होत्या तिथे थोडं फाउंडेशन, कारण लोक डोळे नीट बघत नाहीत, पण लाल नाक बघून लगेच ओळखतात.

वरच्या पापणीला चमक लावायची नाही. फोटोग्राफरला सोनेरी हवं होतं, त्याला म्हटलं पदर सोनेरी आहे तो काढ. फुगलेल्या पापणीवर शिमर म्हणजे फुग्यावर बल्ब. मॅट तपकिरी, तिच्या रंगापेक्षा एक-दीड शेड गडद, आणि लावताना डोळा उघडा ठेवून सरळ समोर बघायला लावायचं. घडी बुडालेली असते ना, डोळा मिटून लावलं तर उघडल्यावर रंग आत गडप होतो. म्हणून जिथे घडी असायला हवी होती तिच्या जरा वर लावला आणि वरच्या दिशेने विरवला.

काजळावरून थोडं भांडण झालं. मावशीला वाटत होतं नवरीला ठसठशीत काजळ हवंच. पण खालच्या कडेला काळं भरलं की आधीच लहान झालेला डोळा चौकट घातल्यासारखा आणखी लहान होतो. शेवटी तपकिरी पेन्सिल वरच्या पापण्यांच्या मुळांत, केसांच्या मधेमधे, आणि खालच्या कडेला कातडीच्या रंगाची पेन्सिल. पांढरी नाही हां, पांढऱ्याने डोळे काचेचे दिसतात. पापण्या कर्लरने मुळाशी पाच सेकंद, मधे पाच सेकंद, आणि फक्त वर वॉटरप्रूफ मस्कारा. खोट्या पापण्यांची डबी मी उघडलीच नाही, सुजलेल्या पापणीवर ते वजन पडलं की डोळा आणखी मिटतो आणि गोंदाने चुरचुरतो. मावशीच्या समाधानासाठी कानामागे काळी तीट लावली.

आता या सगळ्याचा उपयोग कुठे होत नाही तेही सांगते, कारण त्याच मांडवात आत्येने मला धरलं आणि माझ्या पण थैल्या घालव म्हणाली. तिला विचारलं, संध्याकाळपर्यंत कमी होतात का? नाही, वर्षानुवर्षं तशाच. मग ते पाणी नाही, वयाने पुढे आलेली चरबी आहे, तिला विहीर काय नि बर्फ काय, फक्त ती रेघ झाकता येते. आणि एकच डोळा सुजलाय, दुखतोय, गरम लागतोय, किंवा अंधुक दिसतंय, तर पार्लरमध्ये येऊच नका, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. रोज सकाळी चेहरा सुजतो आणि सोबत पाय पण, तरीही डॉक्टरच, ते किडनी वगैरेचं असू शकतं. खाज असेल तर बहुतेक ॲलर्जी.

साडेअकराला ती मामासोबत बोहल्याकडे निघाली. डोळे जरासे जड होतेच, ते मी ठेवले होते तसेच, आदल्या रात्री झोप न झालेली मुलगी दिसत होती, एवढंच. मांडवात एक आजी मात्र तिचा हात धरून निरखत राहिल्या आणि मला वाटलं आता झालं. त्या म्हणाल्या, "बापासारखेच डोळे गो तुझे." तिची हनुवटी थरथरायला लागली. मी मागून टिश्यू पुढे केला आणि कानात म्हटलं, चोळू नको, टिप.