‘त्यामुळे’ की ‘त्यानंतर’?

फेब्रुवारी 2025 मधली गोष्ट. आंतरशालेय निबंध स्पर्धेसाठी आमच्या शाळेतून दोन निबंध पाठवायचे होते. विषय होता, ‘विद्यार्थ्यांना आठवीपर्यंत नापास करू नये का?’ आलेल्या कच्च्या मसुद्यांपैकी एक नववीतल्या मुलीचा होता. अक्षर मोत्यासारखं, भाषा धावती, शेवट जोरदार. पहिल्या वाचनात मी त्यावर ‘छान’ लिहिलंही असतं. पण मसुदा तपासताना माझी एक सवय आहे. दुसऱ्या वाचनात मी फक्त ‘त्यामुळे’, ‘म्हणून’, ‘साहजिकच’ आणि ‘सर्वांना माहीत आहे की’ एवढ्याच शब्दांना पेन्सिलीने गोल करते, बाकी काही बघत नाही. मुलांचा युक्तिवाद लंगडतो तो बहुतेक वेळा याच शब्दांपाशी.

मधला परिच्छेद असा होता:

“आपल्या देशात आठवीपर्यंत कोणालाही नापास केले जात नाही. त्यामुळे मुलांना अभ्यासाची भीतीच उरलेली नाही. ‘असर’च्या अहवालानुसार 57 टक्के मुलांना वाचताच येत नाही. माझा चुलत भाऊ अभ्यास न करता आठवीपर्यंत पास होत गेला, त्यामुळे तो नववीत नापास झाला आणि त्याने शाळा सोडली. म्हणून पाचवीपासून नापास करण्याची पद्धत पुन्हा सुरू झालीच पाहिजे.”

पाच वाक्यांत तीन गोल. मधल्या सुट्टीत तिला स्टाफरूममध्ये बोलावलं आणि शेजारी बसवून पहिलं वाक्य मोठ्याने वाचायला लावलं.

“गेल्या वर्षी तू आठवीची वार्षिक परीक्षा दिलीस ना?” मी विचारलं.

“हो बाई.”

“त्यात कोणी नापास झालं असतं, तर?”

ती गप्प झाली. मग म्हणाली, “बाई, हे वाक्य मी एका जुन्या निबंधातून घेतलंय.”

वाक्य तिच्या स्वतःच्या अनुभवाशी भांडत होतं, आणि ते तिला जाणवलं नव्हतं. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या कलम 16 मध्ये मूळ तरतूद अशी होती, की आठवीपर्यंत कोणालाही त्याच वर्गात मागे ठेवायचं नाही. 2019 मध्ये हे कलम बदललं. पाचवी आणि आठवीला परीक्षा घ्यायची, नापास झालेल्या मुलाला जादा शिकवायचं, निकालानंतर दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षेची संधी द्यायची. त्यातही जमलं नाही, तर त्याला त्याच वर्गात ठेवायचं की नाही, ते राज्याने ठरवायचं. महाराष्ट्राने 2023 मध्ये नियम बदलून या दोन वर्गांच्या परीक्षा आणल्या. म्हणजे ‘पुन्हा सुरू झालीच पाहिजे’ ही जी तिची मागणी होती, तिच्यातली बरीचशी मान्य होऊन गेली होती. ज्या जमिनीवर निबंध उभा होता ती जमीनच सरकलेली. बाकी काही तपासायच्या आधी हे तपासावं लागतं.

मग आकड्याकडे वळलो. मुलं निबंधात आकडा घालतात तेव्हा त्यांना वाटतं, आता कोणी काही विचारणार नाही. मी तिला तीनच प्रश्न विचारले. कोणती मुलं? काय येत नाही? कधी?

‘असर’ची पाहणी ग्रामीण भागातली असते. कार्यकर्ते घरोघरी जाऊन मुलांकडून वाचून घेतात. सोप्याकडून अवघडाकडे पातळ्या अशा: अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. 2022 मध्ये पाचवीतल्या साधारण 43 टक्के मुलांना ही दुसरीची गोष्ट वाचता आली. उरलेले 57 टक्के तिने उचलले होते. पण त्यांत परिच्छेद वाचणारं मूलही येतं, नुसते शब्द वाचणारंही येतं. ‘वाचताच येत नाही’ हे त्या सगळ्यांबद्दल म्हणता येत नाही. शिवाय मुलं देशभरातली असली तरी फक्त खेड्यांतली, फक्त पाचवीतली.

तिने लगेच पेन्सिल घेऊन ‘वाचताच’मधला ‘च’ खोडला. मी म्हटलं, “थांब, कधीचा प्रश्न राहिलाय.”

फोनवर अहवाल काढून चार वर्षांचे आकडे तिच्या वहीच्या मागच्या पानावर एकाखाली एक लिहिले. हीच दुसरीची गोष्ट वाचू शकणारी पाचवीतली मुलं 2010 मध्ये साधारण 54 टक्के, 2018 मध्ये 50, 2022 मध्ये 43 आणि 2024 मध्ये 49. तिला म्हटलं, नापास न करण्याचा नियम 2010 मध्ये आला, आता यावर बोट ठेवून सांग, काय दिसतं?

ती बराच वेळ बघत राहिली. “पहिल्या आठ वर्षांत थोडंच कमी झालंय. खरी घसरण नंतरच्या चार वर्षांत आहे.” आणि मग स्वतःच, “बाई, मध्ये कोरोना आहे.”

मी तिला कावळ्याची गोष्ट सांगितली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, तर फांदी कावळ्याने मोडली असं होत नाही. म्हण तिला पाठ होती, पण ती आपल्या निबंधाला लागू पडते हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. मग तिला एक सोपी कसोटी दिली. जिथे जिथे ‘त्यामुळे’ लिहिलंय तिथे ‘त्यानंतर’ घालून वाच. तुझ्याकडचा पुरावा फक्त ‘त्यानंतर’पुरताच असेल, तर ‘त्यामुळे’ तू अजून कमावलेलं नाहीस. ते कमावायचं असेल तर दुसरी कारणं कोणती असू शकतात ते बघायला लागतं आणि ती का नाहीत, ते सांगायला लागतं. हे आकडे नापास न करण्याचं धोरण निर्दोष ठरवत नाहीत, हेही मी तिला बजावलं. 2010 नंतर जे थोडं घसरलं त्याचं उत्तर या चार ओळींत नाही. ‘57’ हा एकटा आकडा धोरणाच्या माथी मारता येत नाही, एवढंच त्यांतून निघतं.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नव्हती, कारण ती दोन वाक्यांच्या मधे होती. नापास होण्याची भीती असली की मूल अभ्यास करतं, हे तिने कुठेच लिहिलं नव्हतं आणि सगळा निबंध त्यावरच तोलला होता. अशी न लिहिलेली वाक्यं शोधायला मी मुलांना ‘नाहीतर काय?’ विचारायला लावते. तिला विचारलं, “भीती असली की अभ्यास होतो, हे तुला कशावरून वाटतं?”

“गेल्या वर्षी आठवीला परीक्षा आहे म्हटल्यावर आम्ही खूप अभ्यास केला की!”

“मग हे निबंधात का नाही?”

“आपलं स्वतःचं लिहायचं नसतं ना बाई?”

मला खरंच वाईट वाटलं. तिचा सगळ्यात चांगला पुरावा तिने बाहेर ठेवला होता, आणि उसनं वाक्य आत घेतलं होतं. पण तोही पुरावा पारखायला हवा होता. ‘आम्ही’ म्हणजे कोण? ती आणि तिच्या दोन मैत्रिणी. त्या एरवीही अभ्यास करायच्या. ज्यांच्यासाठी परीक्षा आणली, त्या मुलांचं काय झालं? तिने दोघांची आठवण काढली. भीती त्यांनाही होती, तरी दोघं गणितात नापास झाले. मग सुट्टीत सरांनी त्यांना रोज दीड तास बसवून शिकवलं आणि फेरपरीक्षेत ते निघाले.

“मग ते कशामुळे निघाले? परीक्षेमुळे की सरांमुळे?”

ती हसली. “बाई, परीक्षा झाली म्हणून सरांना कळलं की त्यांना येत नाही.”

हे उत्तर माझ्याकडेही तयार नव्हतं. भीती बाजूला पडली आणि परीक्षेचा दुसरा उपयोग पुढे आला. कोणाला काय येत नाही ते वेळेत कळणं. मी तिला हे वाक्य तिथल्या तिथे लिहून घ्यायला लावलं.

उरला भाऊ. इथे मी जरा सांभाळून बोलले, कारण तो तिच्या घरातला होता. 2022-23 ला तो नववीत होता, म्हणजे सातवीचं वर्ष पूर्ण कोरोनातलं. “सातवीत त्याची शाळा कुठे होती?” विचारल्यावर ती म्हणाली, “मोबाइलवर. पण मोबाइल एकच होता, आणि तो काका शेतावर न्यायचे.” भावाच्या वाक्यातलं ‘त्यामुळे’ तिथेच ‘त्यानंतर’ झालं. मग मी तिला दाखवलं, की हे उदाहरण तिच्याच बाजूच्या विरुद्ध जातं. नापास केल्यावर तिचा भाऊ अभ्यासाला लागला नाही, त्याने शाळा सोडली. मग पाचवीत नापास होणाऱ्याने काय करावं? परिच्छेदाच्या कडेला मी पेन्सिलीने लिहिलं, ‘नापास झाल्यामुळे शाळा सुटली – हे दाव्याला छेद देते’. घंटा झाली आणि ती गेली.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या आधीच ती स्टाफरूमच्या दारात उभी होती.

“बाई, मी दादाला विचारलं. तो दिवाळीनंतरच गॅरेजवर जायला लागला होता. निकाल मेमध्ये लागला. नापास होण्याच्या आधीच त्याने मनातून शाळा सोडली होती.”

म्हणजे माझ्या टिपेतलं ‘मुळे’सुद्धा कमावलेलं नव्हतं. मी तिला जी कसोटी दिली, ती माझ्या वाक्याला लावलीच नव्हती. घटनांचा क्रम मी गृहीत धरला होता आणि तो उलटा निघाला. मी तिच्यासमोर खोडरबर घेतला आणि कडेची ओळ पुसली. मग आम्ही दोघी विचार करत बसलो, की आता या उदाहरणातून काय म्हणता येतं. एका मुलावरून धोरण ठरत नाही, ना तिच्या बाजूने ना विरुद्ध. पण तो सातवीत मागे पडलाय हे नववीपर्यंत कोणी मोजलंच नाही, एवढं त्यातून नक्की म्हणता येत होतं.

दोन दिवसांनी नवा मसुदा आला. मागणी आकसली होती आणि पक्की झाली होती: पाचवी-आठवीची परीक्षा राहू द्यावी, पण मुलाला मागे ठेवण्याआधी जादा शिकवणी खरोखर झाली का, याची नोंद शाळेने पालकांना दाखवावी. 57 च्या जागी चार वर्षांचे आकडे होते, आणि त्यांच्या खाली ‘मध्ये दीड-दोन वर्षे शाळा बंद होत्या, हेही लक्षात घ्यावे लागते’ असं वाक्य. विरुद्ध बाजूला, म्हणजे एकदा मागे राहिलेलं मूल शाळेतून कायमचं जाऊ शकतं या भीतीला, एक पूर्ण परिच्छेद दिला होता.

भावाबद्दल तिने लिहिलं होतं: “माझा चुलत भाऊ सातवीत मागे पडला. त्यानंतर तो आठवी पास झाला. त्यानंतर त्याने शाळा सोडली.” दोन्ही ‘त्यानंतर’खाली तिने पेन्सिलीने रेघ ओढली होती. फेअर करताना रेघा पुसाव्या लागतील, असं मी तिला सांगितलं. शब्द मात्र तसेच ठेवले.